कण्यावरचा कान

वडिलांच्या पंचाहत्तरीला त्यांच्या आठवणींचे पुस्तक काढायचे ठरले आणि मुखपृष्ठ मी अंगावर घेतले. पृष्ठे 240, म्हणजे पाने 120, कागद 0.10 मिलिमीटर जाड. गुणाकार केला, कणा 12 मिलिमीटर. हिशेब चोख!

ऐन वेळी छापखान्याने कागद बदलला. "वजन तेच, 70 ग्रॅम," ते म्हणाले. मी मान डोलावली. पण वजन सारखे म्हणून जाडी सारखी नसते. हा कागद फुगीर, 0.13चा! पुस्तक साडेपंधरांच्या वर गेले आणि मुखपृष्ठावरच्या छायाचित्राची कड कण्यावर वळली.

वडिलांनी प्रत न्याहाळली. "कान पिरगाळलास की रे माझा!"

दुसऱ्या छपाईला मी आधी त्याच कागदाची कोरी प्रत बांधून मागवली आणि मगच पट्टी लावली.