वीसपैकी तीन

बंगळुरूच्या एका खासगी इंग्रजी शाळेत पहिलीतल्या एका मुलाला गणितात वीसपैकी तीन गुण मिळाले. प्रगतिपुस्तकात ‘जादा तासांची गरज’ असा शेरा पडला. वर्गशिक्षिकेचा त्या शेऱ्यावरचा राग अजून गेलेला नाही.

मुलगा मिरजेकडचा. वडील पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, घरी फक्त मराठी. वर्गात कन्नड, तेलुगू, तमिळ, उर्दू, हिंदी अशा सगळ्या घरांतली मुलं, आणि शाळेची भाषा इंग्रजी. बंगळुरूत यात नवल काही नाही.

पेपर शिक्षिकेच्या हातात आला तेव्हा तिने आधी गुण पाहिले नाहीत, मुलाने काय लिहिलंय ते पाहिलं. पहिल्या सहा प्रश्नांत तीनदा ‘आधीची संख्या’ विचारली होती आणि तीनदा ‘नंतरची’. मुलाने सहाही ठिकाणी नंतरची लिहिली होती आणि ती सहाही ठिकाणी बरोबर होती. म्हणजे सातानंतर आठ येतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ यांतला कोणता शब्द छापलाय, तेवढं त्याला वाचता येत नव्हतं. पुढच्या सहा प्रश्नांत संख्यांच्या जोड्या होत्या, मोठ्या संख्येला गोल करायचा होता. त्याने प्रत्येक जोडीतल्या दोन्ही संख्यांना गोल केला. उरलेली आठ शाब्दिक उदाहरणं. ती कोरी.

तीन गुण मिळाले ते ‘आफ्टर’चे.

याच मुलाला तिने त्या आठवड्यात वर्गात खडू वाटताना पाहिलं होतं. प्रत्येक टेबलावर पाच ठेवायचे होते. एका टेबलावर चारच पडले, हे तो पुढच्या टेबलाशी गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, तसा तो मागे येऊन एक ठेवून गेला. लहान मुलांचं मोजणं अभ्यासणारे मानसशास्त्रज्ञ मुद्दाम हेच करायला लावतात. ढिगातून सांगितलेल्या संख्येइतक्या वस्तू काढून दे, असं ते मुलाला सांगतात. एकपासून दहापर्यंत घडाघडा म्हणणारी पुष्कळ मुलं इथे अडतात. ‘पाच दे’ म्हटलं की मूठभर देतात, कारण मोजताना शेवटी आलेला आकडा म्हणजे त्या ढिगातल्या वस्तूंची संख्या, हे त्यांच्या मनात अजून बसलेलं नसतं. या मुलाच्या मनात ते बसलेलं होतं.

कोऑर्डिनेटर मॅडमचं म्हणणं होतं, पेपर सगळ्यांना सारखाच होता. शेरा बदलला नाही. पालकसभेत वडील एवढंच म्हणाले, “घरी तर सगळं मोजतोय की मॅडम.” आणि त्यांनी सही केली.

ती सही शिक्षिकेला फार लागली. ज्या मुलाला मोजता येत होतं त्याला येत नाही असं कागदावर लिहिलं गेलं, आणि बापाने ते मान्य केलं. आधीच्या वर्षांत अशा किती सह्या झाल्या असतील, हा विचार तिला सोडेना. खरं तर सरकारी धोरण तिच्याच बाजूचं आहे. पायाभूत स्तरासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२२ साली आला. या वयासाठी मूल्यमापनाच्या दोनच मुख्य पद्धती त्यात सांगितल्या आहेत : मुलांचं निरीक्षण करणं आणि त्यांनी केलेलं काम तपासून पाहणं. पण धोरण कपाटात राहतं आणि प्रगतिपुस्तक घरी जातं.

गुणांशी संबंध नसलेली, जवळजवळ न वाचता सोडवता येईल अशी छोटी चित्रचाचणी तिने स्वतःच करायला घेतली. तिचं पहिलं सूत्र तिला कर्नाटकातल्या सरकारी शाळांमध्ये सापडलं. तिथे पहिली ते तिसरीची मुलं एकत्र बसून ‘नली-कली’ पद्धतीने शिकतात. १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात, आंध्रातल्या ऋषी व्हॅलीचं काम पाहून या पद्धतीची सुरुवात झाली आणि पुढे ती राज्यभर गेली. भिंतीवर शिकण्याची शिडी असते आणि शिडीच्या पायऱ्यांवर व कार्डांवर चित्रं असतात. मूल आपलं चित्र ओळखतं आणि नेमकं कार्ड उचलतं, वाचता येत नसलं तरी.

तेच तिने घेतलं. ए-फोर कागदाच्या अर्ध्या भागात पाच ओळी, प्रत्येकीच्या डावीकडे एक चित्र : सूर्य, छत्री, मासा, डबा, बस. “छत्रीवर बोट ठेवा,” असं म्हणायचं, सगळी बोटं जागेवर आली की प्रश्न विचारायचा, दोनदा, मुलांना कळणाऱ्या भाषेत. पेन्सिल नाही, रंगखडू, म्हणजे खोडता येत नाही आणि मुलाने काय बदललं ते दिसतं. अंक कुठेच लिहायचे नाहीत. या वयात ३ उलटा काढणारी मुलं असतात, आणि उलटा ३ हा अक्षरवळणाचा प्रश्न असतो. उत्तर ठिपक्यांनी द्यायचं. सगळं दहाएक मिनिटांत आटपतं.

सूर्याच्या ओळीसाठी ती ठिपक्यांचं कार्ड दोन-तीन सेकंद दाखवून झाकते आणि मुलं तेवढे ठिपके काढतात. तीन-चार ठिपके मोजावे लागत नाहीत, नुसते दिसतात. सहा दिसण्यासाठी ‘पाच आणि एक’ अशी मांडणी डोळ्यांत बसावी लागते. छत्रीच्या ओळीत दोन ताटांतून जास्त फळं असलेलं निवडायचं असतं. इथे नुसत्या अंदाजाने निम्मी मुलं बरोबर येतात, म्हणून ताटांची जोडी एकदा नाही, दोनदा. एकीत पाच मोठे आंबे आणि सात छोटी लिंबं, दुसरीत सात आंबे आणि पाच लिंबं. संख्येऐवजी आकार पाहणारं मूल दोन्हीकडे आंबेच निवडतं आणि पकडलं जातं. माशाच्या ओळीत नऊ मासे असतात, त्यांतले पाच रंगवायचे. नऊही रंगवणारं मूल ‘पाच दे’ला मूठ देणाऱ्यांतलं. बसची ओळ दहा आसनांची, सात भरलेली. अजून किती माणसं बसतील, तेवढे ठिपके रिकाम्या चौकोनांबाहेर काढायचे.

राहिला डबा. तो आधी डबा नव्हताच. तिथे चिमण्या होत्या, आणि त्या चिमण्यांनी तिचा बराच वेळ घेतला.

चित्र पाठ्यपुस्तकांत असतं तसंच. तारेवर चार चिमण्या बसलेल्या, दोन उडून चाललेल्या. प्रश्न : सहा चिमण्या होत्या, दोन उडाल्या, आता किती उरल्या? खडू नेमके वाटणाऱ्या त्या मुलाने सहा ठिपके काढले. वाचन मध्ये नव्हतं, प्रश्न त्याला मराठीतूनही सांगितला होता, तरी चूक. कोऑर्डिनेटर मॅडम बरोबरच होत्या की काय, असं क्षणभर तिला वाटून गेलं.

तिने त्याला जवळ घेऊन विचारलं. त्याने चित्रातल्या चिमण्या बोट ठेवून मोजून दाखवल्या, सहा. उडालेल्या दोन कुठे गेल्या, तर त्या समोरच होत्या, कागदावर. त्याचं काय चुकलं? स्थिर चित्रात काहीच जात नाही. ‘आधी’ आणि ‘नंतर’ एकाच वेळी समोर असतात, आणि त्यांतलं कोणतं मोजायचं हे चित्र सांगत नाही. दुसऱ्या काही मुलांनी दोन ठिपके काढले होते. त्यांनी बसलेल्या चार चिमण्यांना सुरुवात मानलं आणि चारांतून दोन वजा केले. वजाबाकी बरोबर, चित्र वाचणं वेगळं. एक मुलगी म्हणाली, त्या उडत नाहीयेत, बसायला येताहेत.

याहून मोठी अडचण बरोबर उत्तरांची होती. ज्यांनी चार ठिपके काढले त्यांनी फक्त तारेवरच्या चिमण्या मोजल्या होत्या. त्यासाठी वजाबाकी यावी लागत नाही. म्हणजे चूक उत्तरावरून मुलाला येत नाही असं म्हणता येत नव्हतं आणि बरोबर उत्तरावरून येतं असंही नाही. पहिल्या पेपरात शब्द आडवे आले होते, इथे चित्र आडवं आलं. आपल्याकडची पहिलीची पुस्तकं उडणाऱ्या पक्ष्यांनी आणि फुटणाऱ्या फुग्यांनी भरलेली असतात, आणि त्यांच्याखाली मुलं मुकाट्याने ‘बरोबर’ उत्तरं लिहितात.

म्हणून डबा आला. स्टीलचा, झाकणाचा. सगळ्यांच्या देखत त्यात सहा चिंचोके एकेक करून टाकायचे, वर्गाने मोजायचं. झाकण लावायचं. मग झाकण जरासं उचलून, हात घालून दोन बाहेर काढायचे, दाखवायचे आणि मुठीत धरायचे. कागदावर रिकामा डबा काढलेला असतो. आत आता किती आहेत, तेवढे ठिपके त्यात काढायचे. मोजायला समोर काहीच नसल्यामुळे मनात करावं लागतं.

इथल्या चुका बोलतात. सहा ठिपके म्हणजे काढलेले चिंचोके विचारातच घेतले नाहीत. दोन म्हणजे हातातलेच काढले, प्रश्न निसटला. पाच काढणारं मूल बहुधा उलटं मोजतं, पण सहापासूनच सुरू करतं : ‘सहा, पाच’, दोन आकडे झाले, थांबलं. त्याला वजाबाकी कळलेली असते, मोजणी कुठून सुरू करायची तेवढं चुकतं. या तिघांना दुसऱ्या दिवशी वेगवेगळं शिकवावं लागतं आणि प्रगतिपुस्तकात तिघांचाही शून्यच येतो. ती कागदांचे गठ्ठे गुणांप्रमाणे लावत नाही, चुकीच्या प्रकाराप्रमाणे लावते आणि पाच ठिपकेवाल्यांना दहा मिनिटं चिंचोके घेऊन बसवते. खडू वाटणाऱ्या त्या मुलाने डब्यात चार काढले.

मर्यादा तिला माहीत आहेत. शेजाऱ्याचे ठिपके पाहून काढता येतात, म्हणून मध्ये दप्तरं उभी करावी लागतात. झेरॉक्समध्ये रंग जातात, तेव्हा ‘लाल फुगे मोजा’ असं विचारता येत नाही. आणि कागदावरून मूल कसं मोजत होतं ते दिसत नाही, ज्याच्याबद्दल शंका आहे त्याच्याजवळ जाऊन बसावंच लागतं.

एका गोष्टीवर मात्र तिचं मत डळमळलं आहे. सुरुवातीला तिला गणिताच्या पेपरात एकही शब्द नको होता. पण वर्गात एक मुलगी आहे, इंग्रजी भराभर वाचते, पेपरात अठरा गुण, आणि डब्यात तिने सहा ठिपके काढले. पेपरातली ‘लेफ्ट’ शब्दाची उदाहरणं तिने तो शब्द दिसला की वजा करायचं, अशा सवयीने सोडवली होती. तिची अडचण शब्दांनी झाकली होती. शिवाय दुसरीत शाब्दिक उदाहरणं वाढणार, ती कोणी वाचून दाखवणार नाही. शब्द नेमके कधी आणायचे?

तूर्त ती एकच उदाहरण दोनदा देते, सोमवारी छापून आणि बुधवारी डब्यातून, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवते. ज्यांचं उत्तर दोन्हीकडे सारखं नाही त्यांची नावं वेगळ्या वहीत जातात. पुढच्या सत्रात प्रश्न मोठ्याने वाचून दाखवायला कोऑर्डिनेटर मॅडम तयार झाल्या आहेत, इंग्रजीतच. मुलाचे जादा तास चालू आहेत, त्यांत त्याच्याकडून एक ते पन्नास लिहून घेतात.