चुकलेला प्रश्न, सुधारलेले गुण

छापील प्रश्नपत्रिकेत चूक सापडली की विद्यार्थ्यांसाठीच्या सूचनेत तीन गोष्टी लागतात: छापलेला प्रश्न, दुरुस्त प्रश्न आणि गुणांचा नियम. समजा, दहावीच्या 40 गुणांच्या गणिताच्या सराव परीक्षेत x² − 5x + 6 = 0 हे समीकरण 3 गुणांसाठी अवयव पाडून सोडवायचे होते, पण छपाईत 6 च्या जागी 7 पडला. आता विवेचक 25 − 28, म्हणजे −3 येतो आणि वास्तव मुळेच मिळत नाहीत. ज्याने हे ओळखून लिहिले, त्याचे उत्तर बरोबरच आहे. जो अवयव शोधत बसला, त्याचा पुढच्या प्रश्नांचा वेळही गेला. प्रश्न रद्द करून 37 पैकी गुण मोजले, तर 30 गुणांचे 40 पैकी साधारण 32.4 होतात, सर्वांना 3 गुण दिले, तर 33. दुसरा मार्ग साधा आहे आणि कोणाचेही गुण घटवत नाही. 2023 मध्ये बारावीच्या इंग्रजीच्या पेपरातील चुकीसाठी राज्य मंडळाने 6 गुण देण्याचे ठरवले होते. दुरुस्त प्रश्न केवळ सरावासाठी आहे, तो पुन्हा सोडवून द्यायचा नाही, हेही सूचनेत स्पष्ट लिहावे.