घटक चाचणीचा मसुदा

सोमवार, 4 ऑगस्ट

मधल्या सुट्टीत शिक्षणसेवक सरांनी इयत्ता नववी विज्ञानाच्या घटक चाचणीचा मसुदा हातात दिला. ‘गतीचे नियम’ आणि ‘कार्य आणि ऊर्जा’ हे दोन पाठ, गुण 20, वेळ एक तासिका. ही त्यांनी काढलेली पहिलीच घटक चाचणी. अक्षर सुरेख, आकृत्या पट्टीने काढलेल्या, आणि सोबत नमुना उत्तरपत्रिकाही होती. ती जोडायला मी सांगितलेलेही नव्हते.

घरी आल्यावर उत्तरपत्रिका बाजूला ठेवली आणि विद्यार्थी सोडवील तसा पेपर कोऱ्या कागदावर सोडवला. मसुदा तपासायची दुसरी रीत मला ठाऊक नाही. नुसते वाचताना सगळेच प्रश्न बरोबर वाटतात. पेन अडखळते तिथे दोष सापडतो. माझे तीन ठिकाणी अडखळले.

मंगळवार, 5 ऑगस्ट

पाच गुणांचे उदाहरण सगळ्यांत महत्त्वाचे, म्हणून अभिप्राय लिहायला तिथूनच सुरुवात केली. मसुद्यात ते असे होते: ‘800 किग्रॅ वस्तुमानाच्या मोटारीचा वेग 5 सेकंदांत 18 किमी/तास वरून 54 किमी/तास होतो, तर इंजिनाने केलेले कार्य काढा.’

उत्तराची वाट सरळ आहे. 18 किमी/तास म्हणजे 5 मी/से, 54 म्हणजे 15 मी/से. त्वरण 2 मी/से², बल 1600 न्यूटन, विस्थापन 50 मीटर, कार्य 80,000 ज्यूल. आता किमी/तासचे मी/से करायला विसरलेली मुलगी डोळ्यांसमोर आणली. 54 मधून 18 वजा करून 5 ने भागले की तिचे त्वरण येते 7.2. मग बल 5760, विस्थापन 180 आणि कार्य 10,36,800. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण हे तिला येते. विस्थापनाचे सूत्र येते, कार्याचेही येते. चुकले ते एकक रूपांतर. पण सरांच्या उत्तरपत्रिकेत पाचही गुण शेवटच्या आकड्याला आहेत, त्यामुळे तिला शून्य मिळते. ज्याने कागद कोरा ठेवला त्यालाही शून्य. तपासणीनंतर या दोघांत सरांना काहीच फरक दिसणार नाही, आणि पुढच्या तासाला कोणाला काय पुन्हा शिकवायचे ते पेपरमधून कळणार नाही. वीस गुणांतले पाच म्हणजे पाव पेपर असा मुका होतो.

अभिप्रायात हे आकड्यांसकट लिहिले. ‘प्रश्न अवघड आहे’ एवढेच लिहिले असते तर सरांनी तो सोपा केला असता, आणि दोष जिथल्या तिथे राहिला असता.

त्याच उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे. ‘इंजिनाने केलेले कार्य’ काढायचे तर घर्षण आणि हवेचा रोध किती ते सांगायला हवे. दिलेल्या माहितीवरून निघते ते निव्वळ बलाने केलेले कार्य. नववीतली बहुतेक मुले इकडे लक्ष देणार नाहीत. पण ज्याचे जाईल तो विद्यार्थी वर्गातला सर्वांत बारकाईने वाचणारा असेल, आणि नेमका तोच अडेल.

बुधवार, 6 ऑगस्ट

ऑफ तासाला सरांसोबत बसले. त्यांनी अभिप्राय आधी वाचला होता आणि मुद्दा तयार ठेवला होता. ‘बाई, पायऱ्या फोडून दिल्या तर मुलांनी स्वतः विचार कधी करायचा? बोर्डाच्या परीक्षेत कोण फोडून देणार आहे?’

प्रश्न रास्त आहे. सगळी साखळी स्वतः जोडता येणे हे वेगळे कौशल्य आहे आणि तेही तपासायला हवे. मात्र ते वर्गात, गृहपाठात किंवा सत्र परीक्षेत तपासावे. पाठ शिकवून झाल्याबरोबर घेतलेल्या छोट्या चाचणीचे काम निराळे असते. कुठली पायरी कच्ची आहे ते तिने शिक्षकाला दाखवायचे असते. सरांना हे पटले की माझ्या वयाचा मान राखून ते गप्प बसले, कळले नाही. पण मग त्यांनी स्वतःच पेन उघडले आणि आम्ही मिळून उदाहरण असे केले:

‘800 किग्रॅ वस्तुमानाची मोटार सरळ रस्त्यावर एकसमान त्वरणाने जात असताना तिचा वेग 5 सेकंदांत 18 किमी/तास वरून 54 किमी/तास होतो. (अ) मोटारीचे त्वरण 2 मी/से² आहे हे दाखवा. (2 गुण) (आ) मोटारीवरील निव्वळ बल काढा. (1 गुण) (इ) या वेळात मोटारीचे विस्थापन 50 मीटर होते. निव्वळ बलाने केलेले कार्य काढा. (2 गुण)’

उत्तर आधीच छापले तर मुले आकडे ओढूनताणून जुळवतील, ही सरांची पुढची शंका. म्हणून (अ) मध्ये एक गुण एकक रूपांतराच्या पायरीला आणि एक सूत्रात किमती घालण्याला ठेवला. नुसते ‘म्हणून 2’ लिहिणाऱ्याला काही नाही. ज्याला (अ) आले नाही तो छापलेले 2 घेऊन (आ) आणि (इ) सोडवू शकतो. एखाद्याने आपलेच 7.2 पुढे नेले आणि रीत बरोबर असेल, तर पुढच्या पायऱ्यांचे गुण द्यायचे, हेही गुणदान योजनेत लिहून ठेवले. लिहिले नाही तर दहावी उत्तरपत्रिका एका नियमाने तपासली जाते आणि चाळिसावी दुसऱ्याच.

नमुना उत्तरपत्रिकेत एकच रीत होती. दुसऱ्या पाठातली गतिज ऊर्जा वापरणारा मुलगा कार्य थेट काढील: ½ × 800 × (15² − 5²) = 80,000 ज्यूल. त्याला बलाची गरजच पडत नाही. ही रीतही (इ) साठी ग्राह्य, अशी ओळ घातली.

गुरुवार, 7 ऑगस्ट

आज बहुपर्यायी प्रश्न घेतले. मसुद्यातला एक: ‘क्रिया बल व प्रतिक्रिया बल कशी असतात?’ पर्याय होते: असमान; शून्य; समान परिमाणाची, विरुद्ध दिशेची व एकाच वेळी वेगवेगळ्या वस्तूंवर कार्य करणारी; यांपैकी नाही. तिसरा पर्याय बाकीच्या सगळ्यांहून लांब आहे. पाठ न उघडलेला मुलगाही त्यावर खूण करील, आणि ती बरोबर निघेल. बाकीच्या पर्यायांना कोणीच भुलणार नाही, म्हणजे ते फक्त जागा भरायला आहेत.

चुकीचा पर्याय मुलांच्या डोक्यात खरोखर असलेल्या चुकीतून घ्यावा लागतो. तिसऱ्या नियमाबाबतची चूक सगळ्यांना माहीत आहे: मोठी वस्तू जास्त जोर लावते. 1992 साली अमेरिकेत हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बलाच्या संकल्पनेवरची जी चाचणी प्रसिद्ध केली, तिच्यात मोठा ट्रक आणि छोटी मोटार यांच्या टकरीचा प्रश्न आहे. तिचा प्रत्येक चुकीचा पर्याय मुलांच्या रोजच्या समजुतींमधून घेतलेला आहे. सरांना ते सांगितले आणि आमच्या गावच्या रस्त्यावरचा प्रश्न त्यांनाच करायला दिला. त्यांनी लिहिले: ‘उसाने भरलेला ट्रॅक्टर उभ्या सायकलला धडकतो. धडकेच्या क्षणी ट्रॅक्टरने सायकलवर लावलेले बल हे सायकलने ट्रॅक्टरवर लावलेल्या बलापेक्षा (अ) जास्त असते (आ) कमी असते (इ) तेवढेच असते (ई) सायकल उभी असल्याने सायकल बल लावतच नाही.’ शेवटचा पर्याय मला सुचला नसता. परवाच एका मुलीने तासाला हेच विचारले होते, म्हणाले.

शुक्रवार, 8 ऑगस्ट

तिसरा अडखळा असा: ‘एका मुलीने 400 मीटरच्या वर्तुळाकार मार्गाची एक फेरी 80 सेकंदांत पूर्ण केली. तिचा वेग किती?’ पर्यायांत 5 मी/से आहे आणि शून्यही आहे. सरांचे उत्तर 5. पण याच पाठात आपण शिकवतो की वेग विस्थापनावरून काढायचा, आणि फेरी पूर्ण झाली की विस्थापन शून्य.

सर म्हणाले, हाच प्रश्न जुलैच्या सराव चाचणीत दिला होता, तेव्हा कोणी तक्रार केली नाही. त्यांना तो गठ्ठा आणायला सांगितला. 48 उत्तरपत्रिका एकूण गुणांप्रमाणे उतरत्या क्रमाने लावल्या आणि वरच्या 16 व खालच्या 16 वेगळ्या काढल्या. खालच्या सोळांपैकी 11 जणांनी 5 लिहिले होते, वरच्या सोळांपैकी फक्त 6 जणांनी. वरच्यांतल्या 9 जणांनी शून्य लिहिले होते आणि त्यांच्या उत्तरांवर लाल फुली होती. वरच्यांतले बरोबर वजा खालच्यांतले बरोबर, भागिले सोळा, म्हणजे उणे 0.31. चांगल्या प्रश्नात ही संख्या धन असते, 0.3 च्या पुढे असली तर उत्तमच. उणे आली की आधी उत्तरसूची तपासायची, मग प्रश्नाची भाषा. मुलांकडे नंतर वळायचे.

सर बराच वेळ त्या नऊ उत्तरपत्रिका चाळत होते. मग त्यांनी प्रश्न बदलला: ‘या फेरीतील तिची सरासरी चाल आणि सरासरी वेग काढा.’ दोन गुण. जुलैचे गुणही दुरुस्त करून वर्गात वाचून दाखवतो, हे त्यांनीच ठरवले.

स्मरणावरच्या प्रश्नांचे गुण मसुद्यात फार होते. दोन व्याख्या काढल्यावर ते संविधान तक्त्यात बसले. त्यावर जास्त बोलावे लागले नाही.

मंगळवार, 12 ऑगस्ट

चाचणी काल झाली, आज पेपर तपासून झाले. ट्रॅक्टरच्या प्रश्नात वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी ‘जास्त असते’ वर खूण केली आहे, आणि त्यांत नेहमी पैकीच्या पैकी गुण मिळवणारेही आहेत. जुन्या प्रश्नाने हे झाकून ठेवले असते. मोटारीच्या उदाहरणात 17 जणांना (अ) आले नाही, पण त्यांतल्या 12 जणांनी (आ) आणि (इ) बरोबर सोडवले. म्हणजे या बारा जणांना बल आणि कार्य पुन्हा शिकवायची गरज नाही, त्यांना किमी/तासचे मी/से करायचा सराव हवा. उरलेल्या पाच जणांसाठी सर गुरुवारी शाळा सुटल्यावर थांबणार आहेत.

सरांच्या वहीत आज शेवटची ओळ लिहून दिली: पुढच्या चाचणीचा मसुदा छपाईच्या आठ दिवस आधी द्या, आणि देण्यापूर्वी उत्तरपत्रिका बाजूला ठेवून स्वतः एकदा सोडवा.