ल्योंला पाठवलेल्या पाच ओळी

आमच्या टीममध्ये अकरा माणसं आहेत. सात ठाण्याच्या ऑफिसात, चार फ्रान्समधल्या ल्यों शहरात. त्या चौघांतली एक, जिच्याबरोबर मी दोन वर्षं रोज कोड रिव्ह्यू करते, तिचे वडील मागच्या जूनमध्ये गेले. तिने रात्री टीमच्या चॅटवर एकच ओळ टाकली होती, तीही फ्रेंचमध्ये: वडील काल संध्याकाळी वारले, या आठवड्यात मी नाही. एरवी ती आमच्याशी इंग्रजीत लिहिते. त्या रात्री इंग्रजी करण्याइतकं त्राण तिच्यात नसणार, आणि म्हणून मला उत्तर फ्रेंचमध्येच द्यायचं होतं. शनिवारच्या क्लासला दोन वर्षं जाऊन तेवढं फ्रेंच मला येतं.

सकाळी खडवलीहून लोकल पकडेपर्यंत ठाण्याच्या टीमने तिच्या ओळीखाली इंग्रजीत सॉरी आणि हात जोडल्याची चिन्हं टाकून ठेवली होती. चूक काहीच नाही त्यात. फक्त ते हात जोडलेलं चिन्ह तिकडे 'प्लीज' किंवा 'थँक यू' म्हणूनही वापरतात, आणि सात जणांचे सात हात ओळीने पाहिले की नक्की काय म्हणायचंय ते कळेनासं होतं.

मी सुरुवात केली ती मराठीतून. आपल्याकडे कुणी गेलं की बोटं आपोआप 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाइप करतात. आमच्या गावच्या ग्रुपवर महिन्यातून दोनदा तरी हे शब्द येतात, खाली 'ईश्वर मृतात्म्यास सद्गती देवो'. हे फ्रेंचमध्ये कसं म्हणायचं याचा विचार करताना पहिल्यांदा लक्षात आलं की या दोन्ही वाक्यांत आपण बोलतोय ते गेलेल्या माणसाशी, नाहीतर देवाशी. श्रद्धांजली वाहायची ती मृताला. सद्गती मागायची ती मृतासाठी. मागे राहिलेल्या मुलीला या वाक्यांत जागाच नाही. आपल्याला ते खटकत नाही, कारण त्या मुलीसाठी आपल्याकडे शब्द नसून भेट असते. आपण जाऊन बसतो. कुणी चहा करतं, कुणी शेजारच्या घरातून डबा आणतं, कुणी नुसतंच भिंतीला टेकून तासभर गप्प बसतं. 'दुखवट्याला जाऊन आले' या वाक्यात काय बोलले ते कुणी विचारत नाही.

फ्रेंच शब्दाची दिशा उलटी आहे. 'काँदोलेआँस' हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदातून आला, त्याचा अर्थ 'सोबत दुःख सोसणं'. म्हणजे तो मागे राहिलेल्या माणसालाच उद्देशून आहे. तो नेहमी अनेकवचनी लिहितात, एकवचनी लिहिला तर लगेच परका दिसतो. आणि तो 'सादर' करायचा असतो: मी तुला माझं दुःख सादर करते, असं काहीसं. मराठीत हे फार दरबारी वाटेल, पण तिकडे ते रोजच्या वापरातलं आहे, आपल्या 'भावपूर्ण'सारखंच घासून गुळगुळीत झालेलं. गुळगुळीत असलं तरी ते हवंच. ते वाक्य नसेल तर संदेश नुसती चौकशी वाटतो.

मग इंग्रजीची ओढ आली. 'आय अ‍ॅम सॉरी फॉर युअर लॉस' हे आपल्या सगळ्यांच्या तोंडात बसलंय आणि त्याचं शब्दशः फ्रेंच करता येतं. 'देझोले' म्हणजे सॉरी. फ्रेंच लोक दुःखाच्या वेळीही हा शब्द वापरतात, तोंडी तर सर्रास. पण हाच शब्द ते लोकलमध्ये धक्का लागल्यावर आणि मीटिंगला उशीर झाल्यावरही वापरतात, आणि त्याला 'तुझ्या लॉससाठी' जोडलं की वाक्याला इंग्रजीचा वास येतो. त्यापेक्षा 'हे कळलं आणि फार वाईट वाटलं' असं सरळ सांगणं मला बरं वाटलं.

क्लासच्या मॅडमना मी टिटवाळ्याला पोचेपर्यंत मेसेज केला. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. 'ती वडिलांबद्दल कोणता शब्द वापरते ते बघ आणि तोच वापर. आणि देव, आत्मा, स्वर्ग काही आणू नकोस, तिने कधी आणलं नसेल तर.'

पहिली सूचना सोपी होती. मराठीत जसं मेले, वारले, गेले, निधन झालं, तसे फ्रेंचमध्येही थर आहेत. 'मॉर' म्हणजे सरळ मृत्यू. 'देसे' म्हणजे निधन, थोडं सभ्य, वर्तमानपत्रातही चालणारं. आणि आपल्या 'गेले'सारखं 'पार्ती'सुद्धा म्हणतात. तिने स्वतः 'देसे'च्या कुळातला शब्द लिहिला होता, म्हणून मीही तोच घेतला. तिने 'मॉर' लिहिलं असतं तर मी त्यावर निधनाची शाल पांघरली नसती. दुसरी सूचनाही पटली. 'त्यांच्या आत्म्यास शांती लाभो' याला फ्रेंच प्रतिशब्द आहे आणि श्रद्धाळू घरात तो चालतो. पण तिथे ऑफिसात धर्म ही ज्याची त्याची खासगी गोष्ट मानतात, आणि या मुलीने दोन वर्षांत चर्चचा एकदाही उल्लेख केलेला नव्हता.

राहिला प्रश्न तू की तुम्ही. इथे आपण इंग्रजीवाल्यांपेक्षा नशीबवान आहोत, कारण हा फरक आपल्याला अंगातूनच कळतो. फ्रेंच 'त्यू' म्हणजे तू (आवाजसुद्धा भावकीतला वाटतो) आणि 'वू' म्हणजे तुम्ही. अडचण एवढीच की आमचं सगळं बोलणं इंग्रजीत झालेलं, तिथे दोघींचं काय ठरलंय ते कधी कळलंच नव्हतं. मी चॅटमध्ये मागे जाऊन शोधलं. मार्चमध्ये एका रिव्ह्यूखाली तिने गंमत म्हणून फ्रेंचमध्ये लिहिलं होतं, 'तुझं बरोबर आहे', आणि त्यात 'त्यू' होतं. प्रश्न सुटला. रोज तू म्हणणाऱ्या माणसाला अशा दिवशी अचानक तुम्ही म्हटलं तर ते आदराचं वाटत नाही, दूर सरकल्यासारखं वाटतं. उलट, हाच संदेश मला आमच्या तिकडच्या डिरेक्टरना लिहायचा असता, ज्यांच्याशी माझं कधी फ्रेंच बोलणं झालेलं नाही, तर मी डोळे मिटून 'वू' वापरलं असतं.

एवढं झाल्यावर माझ्याकडे व्याकरणशुद्ध तीन ओळी होत्या. त्या कुणाच्याही वडिलांबद्दल कुणीही कुणालाही पाठवू शकलं असतं. घरून काम करायच्या दिवसांत ती कधीकधी कॉल सुरू व्हायच्या आधी वडिलांबद्दल बोलायची. ते टोमॅटो लावायचे आणि एका जुन्या सायकलवरून बाजारात जायचे, ती विकायला ते तयार नव्हते. मला त्यांच्याबद्दल एवढंच माहीत होतं. मी ते घातलं. 'ते फार थोर होते' असं लिहायचा मला अधिकार नाही, मी त्यांना पाहिलेलंही नाही. पण टोमॅटो आणि सायकल मी ऐकली होती, ते खरं होतं.

'काही लागलं तर सांग' हे वाक्य फ्रेंचमध्येही आहे आणि तेही सगळे लिहितात. पण ते वाक्य काम तिच्यावरच टाकतं: काय लागेल ते तिने ठरवायचं, मग मागायचं. गुरुवारी आमचं रिलीज होतं आणि ते तिच्या नावावर होतं. ते मी घेते असं लिहिलं.

शेवटी मजकूर असा झाला:

```
Chère C.,
J'ai appris le décès de ton père et j'en suis très attristée.
Tu m'avais parlé de ses tomates et de son vieux vélo ; j'y pense aujourd'hui.
Je te présente, ainsi qu'à ta mère, mes sincères condoléances.
Je m'occupe de la mise en production de jeudi. Ne te sens pas obligée de répondre.
Je pense bien à toi.
```

मराठीत साधारण असं: प्रिय क., तुझ्या वडिलांचं निधन झाल्याचं कळलं, फार वाईट वाटलं. तू मला त्यांच्या टोमॅटोंबद्दल आणि जुन्या सायकलबद्दल सांगितलं होतंस, आज तेच आठवतंय. तुझ्या आणि तुझ्या आईच्या दुःखात मी मनापासून सहभागी आहे. गुरुवारचं रिलीज मी बघते. उत्तर द्यायलाच हवं असं मानू नकोस. तुझी आठवण आहे.

दोन बारकावे. पहिल्या ओळीतल्या 'आत्रिस्ते'च्या शेवटी दोन 'e' आहेत कारण लिहिणारी मी बाई आहे. माझ्या जागी पुरुष असता तर एकच. उच्चारात काही फरक पडत नाही, लिहिताना पडतो, आपल्या 'झालो' आणि 'झाले'सारखा. 'ओब्लिझे'चंही तसंच, फक्त तिथे ते स्त्रीलिंग तिचं आहे. आणि शेवटी 'कोर्दियालमाँ' नाही. तो शब्द वाईट नाही, पण प्रत्येक ऑफिस ईमेलखाली तोच असतो, बिलाच्या ईमेलखालीही.

हे मी टीमच्या चॅटवर टाकलं नाही, तिला एकटीला पाठवलं. आणि लगेचही पाठवलं नाही. उन्हाळ्यात फ्रान्स आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. माझे नऊ म्हणजे तिचे पहाटेचे साडेपाच. ज्या घरात माणूस गेलंय तिथे पहाटे फोन वाजला तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. मी साडेबारा वाजेपर्यंत थांबले.

जेवणाच्या सुट्टीत टीममधल्या एकाने फुलं पाठवू या म्हटलं आणि ऑनलाइन पिवळ्या शेवंतीचा गुच्छही शोधला. शेवंती आपल्या देव्हाऱ्यात असते, पण फ्रान्समध्ये ती कबरीवर ठेवायचं फूल आहे, 1 नोव्हेंबरच्या सुमाराला तिथली दफनभूमी शेवंतीने भरते. शिवाय तिकडे काही कुटुंबं निधनाच्या निवेदनातच 'फुलं नकोत, हार नकोत' असं छापतात. आधी विचारायला हवं होतं, आणि विचारायला ती वेळ नव्हती. फुलं राहिली.

संध्याकाळी आईला सांगितलं तर तिने पहिला प्रश्न विचारला, 'तिच्याकडे बसायला कोण गेलं?' मला उत्तर देता येईना. मग तिने विचारलं की दहावा कधी, तेरावा कधी. मी तिला सांगितलं की तिकडे कायद्याने आई किंवा वडील गेल्यावर किमान 3 दिवसांची रजा मिळते, बाकी आपापल्या सुट्टीतून. आई बराच वेळ भाजी निवडत राहिली. 'तीन दिवसांत तर घरातली भांडीसुद्धा जागेवर जात नाहीत,' ती म्हणाली.

या तीन दिवसांच्या हिशेबामुळेच मी दुसरा एक छोटा संदेश ठरवून ठेवला होता. ती परत आली तो सोमवार होता. लॉगिनच्या हिरव्या ठिपक्यावर सगळे पुन्हा काँदोलेआँस म्हणतील आणि तिला दर वेळी आभार मानावे लागतील, हे दिसत होतं. मी फक्त रिलीजच्या नोट्स पाठवल्या आणि लिहिलं की आज रिव्ह्यू नाही केलेस तरी चालेल, मी दोन्ही बाजू बघते.

तिचं उत्तर बुधवारी आलं. त्यात काँदोलेआँसचा उल्लेख नव्हता. 'मेर्सी पूर ल व्हेलो,' सायकलबद्दल धन्यवाद. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की सायकल आता भावाकडे आहे, तिचा मागचा ब्रेक लागत नाही, आणि तुमच्याकडे असे जुने ब्रेक कुणी दुरुस्त करतं का.