काय खाल्लंस?

अंगावर गांध्या उठल्या की आजी एकच प्रश्न विचारायची, "काय खाल्लंस?" उत्तर येईपर्यंत चार आमसुलं वाटीत भिजत पडलेली असायची. ती कोळून लालसर पाणी पाठीला चोपडायचं आणि वर घोंगडी टाकायची. घोंगडी इतकी टोचायची की त्यात खाज विसरायला व्हायची. सकाळी अंग कोरं आणि श्रेय आमसुलाला. गांधी आपली आपणही काही तासांत जिरते, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं!

खरा घोळ आपल्या शब्दाचा आहे. छातीत जळजळलं तरी पित्त आणि अंगावर उठलं तरी पित्तच. त्यामुळे कातडीच्या दुखण्याचाही हिशेब आपण पोटाकडेच मागतो. कॉलेजात दाढ दुखत होती म्हणून ब्रुफेनची गोळी घेतली, तासाभरात अंगभर पित्त उठलं आणि ओठ सुजला. मेसच्या अंडाकरीला बोल लागला. पुन्हा दोनदा तसंच झालं, तेव्हा कुठे लक्षात आलं की तिन्ही वेळा पोटात ती गोळी होती.

चव्वेचाळिसाव्या वर्षी मात्र पित्त आलं ते मुक्कामालाच. गणपतीनंतर तीन दिवस ताप, सर्दी, घसा. ते बरं झालं आणि आठवड्याने संध्याकाळी मांड्यांवर गांध्या. दुसऱ्या दिवशी पोटावर, तिसऱ्या दिवशी तळहातावर. मी खाण्याची वही ठेवायला घेतली. वांगं बंद, अंडी बंद, मग शेंगदाणे, दही, मासे. सातव्या आठवड्यात वजन चार किलो उतरलं होतं, गांध्या होत्या तशाच. त्यात पैसे मोजून खाण्याच्या पदार्थांची एक लांबलचक रक्ततपासणीही करून बसले. तिच्या मते मला तांदूळसुद्धा चालत नव्हता.

त्वचेच्या डॉक्टर बाईंनी तो कागद बाजूला ठेवला आणि बॉलपेन उचललं. माझ्या दंडावरच्या एका गांधीभोवती वर्तुळ काढून म्हणाल्या, "उद्या याच वेळेला बघा, आत काय आहे ते."

दुसऱ्या दिवशी वर्तुळ होतं, आत काहीच नव्हतं. डाग नाही, खूण नाही. दोन बोटांच्या अंतरावर मात्र नवी गांधी उठली होती. रोज तेच पित्त अंगावर आहे असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात रोज नवं येत होतं. एकेक गांधी 24 तासांच्या आत विरते, ही साध्या पित्ताची खूण. तीच गांधी त्याच जागी दिवसापलीकडे टिकली, खाजेपेक्षा आग झाली आणि जाताना काळानिळा डाग मागे राहिला, तर बारीक रक्तवाहिन्यांना सूज असल्याची शंका घेतात आणि कातडीचा तुकडा तपासतात.

मग त्यांनी कॅलेंडर मागितलं. तापानंतर उठणारं बहुतेक पित्त 6 आठवड्यांच्या आत थांबतं. बहुतेक दिवशी उठत राहून त्यापुढे गेलं की त्याला जुनाट म्हणायचं. माझा सातवा आठवडा सरत आला होता. "आणि खाण्याचं?" मी वही पुढे केली. खाण्याची ॲलर्जी सहसा खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत दिसते आणि दिवसभरात ओसरते. काहीही खा, सात आठवडे रोज उठणाऱ्या पित्तामागे खाणं क्वचितच असतं. पुष्कळदा शरीराचीच प्रतिद्रव्यं कातडीतल्या मास्ट पेशींना डिवचतात, त्या हिस्टामीन सोडतात आणि गांधी फुगते. म्हणून तपासण्या मोजक्याच झाल्या: रक्तातल्या पेशी, सूज दाखवणारी ईएसआर आणि थायरॉइड. माझं थायरॉइड नीट चालत होतं, पण त्याच्याविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडली. या दुखण्यात ती बऱ्याच जणांत सापडतात.

आतापर्यंत मी खाज आली की गोळी घेत होते आणि गोळी लागू पडत नाही म्हणून कुरकुरत होते. तीच झोप न आणणारी गोळी आता रोज, गांधी असो वा नसो, घ्यायची होती. दोन आठवड्यांनी बाईंनी ती दुप्पट केली, पुढे चौपट. चौपटपर्यंत चालतं, पण ते डॉक्टरांनी वाढवायचं. त्यानेही भागलं नसतं तर महिन्याचं इंजेक्शन होतं, त्याची वेळ आली नाही. ब्रुफेनच्या जातीच्या गोळ्या कायमच्या बंद झाल्या, कारण असं पित्त त्यांनी भडकू शकतं. परकराची नाडीही सैल बांधू लागले, आवळलेल्या जागी हमखास पट्टा उठायचा. जीभ सुजली, आवाज बसला, श्वास अडला किंवा भोवळ आली, तर मात्र गोळीची वाट न बघता थेट इस्पितळ गाठायचं, हे त्यांनी दोनदा बजावलं.

सव्वा वर्षाने गोळ्या हळूहळू सुटल्या. भरीत मी त्याच्या कितीतरी आधी खाल्लं होतं.

परवा भाचीचा फोन आला, "मावशी, अंगभर पित्त उठलंय गं. काल कोळंबी खाल्ली होती, त्याचंच ना?"

"कधीपासून उठतंय?" मी विचारलं.

"झाले की तीनेक आठवडे."

"घरात बॉलपेन आहे?"

ती म्हणाली, "पेन कशाला? मी आमसुलं भिजत घातलीयत."