चार टाळ्यांचा आंबा

कुंडलिकेच्या या काठाला, जुन्या जालन्यात, उन्हाळ्याची दुपार घरात कोंडून राहते. दारं लोटलेली, गल्ली सुनसान. अशा दुपारी मागच्या अंधाऱ्या खोलीतून वास येतो आणि कळतं, आढी उमलली.

अक्षय तृतीयेला पितरांना रसाचा नैवेद्य दाखवला की आमच्याकडे आंब्याला मोकळीक मिळते. मग गावरान आंबे वाळल्या गवतात थराथरानं निजतात. तीन-चार दिवसांनी ते चाळायचे आणि डागी आंबा बाहेर काढायचा. तो राहिला तर शेजाऱ्यालाही नासवतो.

मुलांच्या मासिकासाठी आंब्याचं गाणं लिहायला मी याच खोलीच्या उंबऱ्यावर बसलो. पहिली ओळ सुचली: ‘गवताच्या आढीत आंबे पिकले’. भाचीनं टाळ्या धरल्या आणि ‘आढीत’वर तिचा हात अडला. ऱ्हस्वाची एक, दीर्घाची दोन अशा मात्रा मोजल्या, तर एकोणीस निघाल्या. टाळीचं गाणं चार-चार मात्रांच्या चार घासांत जेवतं. ओळीला सोळा मात्रा हव्यात, आणि शब्दही टाळीपाशीच तुटायला हवा. ‘आढीत’च्या पाच मात्रा, चौथीवर टाळी पडते आणि ‘त’ लोंबकळत राहतो. म्हणून आढी गेली, गवत राहिलं:

गवतामध्ये आंबा पिकला,
दारामागे दरवळ सुटला.

पुढे काय? ‘गोड’, ‘पिवळा’, ‘रसाळ’ हे शब्द रांगेत उभे होते. पण भाची त्यातलं काहीच म्हणत नव्हती. ती तळव्यात आंबा घोळवून माचत होती. जोर जास्त झाला की साल फुटते आणि रस कोपरापर्यंत ओघळतो. मऊ झाल्यावर तिनं देठ काढला, पहिले थेंब पिळून टाकले. तो चीक, ओठाला लागला की ओठ पोळतात. मी तिचे हातच उतरवून घेतले:

हळूच दाबू, हळूच सोडू,
देठामधला चीकहि काढू.

‘ही’ दीर्घ ठेवला असता तर एक मात्रा वाढली असती. म्हणून तो आखडला.

शेवट मात्र त्या दुपारी जमला नाही. चोखलेल्या कोया परसात पडल्या होत्या. मृगाच्या सरी आल्या, शाळेचे दिवस जवळ आले, आणि कोयींना तांबूस कोंब फुटले. भाचीनं एक कोय सोलली, आतली बी दगडावर घासली, फट दिसताच ओठांत धरून फुंकली. पहिल्यांदा नुसती हवा गेली. आणखी थोडं घासलं, आणि भिजलेल्या गल्लीत आवाज उठला. आंबे संपले होते, गाणं पुरं झालं:

कोयीचीही पुंगी केली,
गल्लीमधुनी वाजत गेली!