आराखड्याचे परिपत्रक

कार्यक्रमाचा आराखडा तो ठरवणाऱ्यांसाठी असतो, परिपत्रक ते पाळणाऱ्यांसाठी. त्यामुळे एकाचे दुसऱ्यात रूपांतर करताना पहिले काम गाळण्याचे असते. कांदिवली पश्चिमेच्या एका शाळेत कार्यालयीन काम पाहणाऱ्या प्रस्तुत लेखिकेकडे २७ फेब्रुवारी २०२५ च्या मराठी भाषा गौरव दिनाचा आराखडा आला. त्यात ग्रंथदिंडीची वेळ, पालखी सजवणाऱ्या शिक्षकांची नावे, खाऊचा खर्च आणि ‘दिंडी आवारात की रस्त्याने?’ असा प्रश्नही होता. पालकांच्या परिपत्रकात दिवस, वेळ, जागा, इयत्ता, पोशाख आणि पाल्याला नेण्याची वेळ एवढेच घेतले. खर्च फायलीत राहिला, शिक्षकांच्या कामवाटपाचे परिपत्रक वेगळे निघाले. दिंडीचा प्रश्न मात्र मसुद्यापूर्वीच मुख्याध्यापकांकडून सोडवून घ्यावा लागला, कारण परिपत्रकात पर्याय ठेवता येत नाहीत.

मंजूर मसुद्याची मांडणी अशी झाली :

जा. क्र. : परि/४१/२०२४-२५
दिनांक : २० फेब्रुवारी २०२५
प्रति : पालक, इयत्ता ५ वी ते ७ वी
विषय : मराठी भाषा गौरव दिनाच्या ग्रंथदिंडीबाबत (२७ फेब्रुवारी २०२५)
संदर्भ : शिक्षक सभा, दि. १७ फेब्रुवारी २०२५

विषयाच्या ओळीत नुसते ‘कार्यक्रमाबाबत’ लिहिले, तर वर्षभराच्या फायलीत ते परिपत्रक पुन्हा सापडत नाही. म्हणून कार्यक्रमाचे नाव आणि तारीख त्याच ओळीत येते. जावक क्रमांक आणि संदर्भ यांची गल्लत पुष्कळदा होते. जावक क्रमांक या कागदाचा स्वतःचा, तर संदर्भ ज्या निर्णयावरून तो निघाला त्याचा. क्रमांक जावक नोंदवहीतून घेतात आणि मसुदा मंजूर झाल्यावरच घालतात. आधी घातला आणि मसुदा बारगळला, तर नोंदवहीत त्यापुढे ‘रद्द’ असा शेरा मारावा लागतो. तोच क्रमांक दुसऱ्या कागदाला देत नाहीत.

मजकुरात ‘घ्यावी असे ठरले’ या आराखड्यातील वाक्याचे ‘आयोजित करण्यात आली आहे’ असे झाले. वेळ ‘सकाळी साधारण ८’ होती, ती ‘सकाळी ८.००’ झाली. पालकांनी करायच्या गोष्टी शेवटच्या परिच्छेदात क्रमांक देऊन लिहिल्या.

स्वाक्षरी उजवीकडे खाली असते : वर सहीपुरती मोकळी जागा, मग कंसात नाव, त्याखाली ‘मुख्याध्यापक’ आणि शाळेचे नाव. गोल शिक्का सहीच्या डावीकडे, नाव झाकले जाणार नाही असा उमटवतात. मुख्याध्यापक रजेवर असतील, तर पर्यवेक्षक ‘मुख्याध्यापकांकरिता’ असे लिहून स्वतःची सही करतात. डाव्या बाजूला ‘प्रत माहितीस्तव : वर्गशिक्षक, सूचनाफलक, कार्यालयीन फाईल’ अशी यादी येते.

परिपत्रक वाटल्यानंतर वेळ बदलली, तर जुन्या प्रतीवर खाडाखोड करू नये. नव्या जावक क्रमांकाचे शुद्धिपत्रक काढावे आणि त्याच्या संदर्भात मूळ परिपत्रकाचा क्रमांक व दिनांक द्यावा.